बीईपीतली तिरकी रेघ: जबाबदारी, एलओडी आणि क्लॅशमधल्या या चुका टाळा

इमारतीचं थ्रीडी मॉडेल कुणी, कसं आणि कधी करायचं हे ठरवणारा बिम एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे बीईपी, तपासायला आला की मी पहिली वीस पानं वाचत नाही. त्यात प्रकल्पाचा पत्ता, सगळ्यांचे लोगो आणि ‘एकत्रित सहकार्य’ असलं काहीतरी असतं. मी थेट जबाबदारीचा तक्ता काढतो आणि त्यात तिरकी रेघ शोधतो. ‘आर्क/स्ट्र’, ‘स्ट्र/एमईपी’ अशी एका कामापुढं दोन नावं जिथं लिहिलीत, तिथं पेन्सिलीनं गोल करतो. त्या गोलाच्या जागी पुढं साइटवर भांडण होणार हे मला तारखेसकट सांगता येतं. तारीख म्हणजे मिरगाच्या आधीचा आठवडा. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पाऊस एकदा लागला की स्लॅबचं गणित बिघडतं, म्हणून मे महिन्याच्या शेवटी सगळ्यांना एकदम घाई सुटते.

ही रेघ मी स्वतः ओढलेली आहे, म्हणून एवढा राग. बेळगावजवळ एका छोट्या रुग्णालयाचं काम होतं. आर्किटेक्ट टिळकवाडीचे, स्ट्रक्चरवाले कोल्हापूरचे, एमईपीची, म्हणजे पाइप, डक्ट आणि विजेची टीम हुबळीची आणि सगळ्यांची मॉडेलं एकत्र करायला मी. एकाशी मराठीत बोलायचं, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, फाइलींची नावं इंग्रजीत. बीईपी मी लिहिला. त्यात एक ओळ होती: ‘स्लॅब व बीममधील ओपनिंग्ज: स्ट्र/एमईपी, एलओडी ३००’. एलओडी म्हणजे मॉडेलमधली वस्तू किती तपशिलानं दाखवायची त्याची पातळी. लिहिताना मला वाटलं, दोघांचंही काम आहे, दोघांचीही नावं टाकू. कुणी दुखावायला नको.

जबाबदारी दोघांवर टाकणं

पहिल्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये काय झालं ते नीट सांगतो, कारण पुढच्या दोन्ही चुका त्याच कॉरिडॉरमध्ये सापडतात.

मजल्याची उंची ३६०० मिमी. वरचा स्लॅब १५० मिमीचा, बीम स्लॅबसकट ६०० मिमी खोल. वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटचा ११० मिमीचा सॉइल पाइप स्लॅबखालून कॉरिडॉरच्या कडेनं शाफ्टपर्यंत ९ मीटर जायचा होता. उतार ६० ला १ धरलेला, म्हणजे ९ मीटरमध्ये १५० मिमी खाली. सुरुवातीला पाइपचा मध्य स्लॅबच्या वरच्या पातळीपासून २५० मिमी खाली, शेवटी ४०० मिमी खाली. वाटेत ४.२ मीटरवर एक बीम आडवा येत होता. तिथं ७० मिमी उतार झालेला, म्हणजे पाइपचा मध्य ३२० मिमीवर.

आता गंमत बघा. ६०० च्या बीमचा मधला तिसरा हिस्सा म्हणजे २०० ते ४०० मिमी. पाइपसाठी १४० मिमीचा स्लीव्ह, म्हणजे भोकासाठी काँक्रीटआधी बसवायची नळी, टाकला असता, तर तो २५० ते ३९० मध्ये बसला असता. कोल्हापूरच्या साहेबांचा नियम साधा होता: भोक बीमच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात हवं, खोलीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नको आणि टेकूच्या जवळ नको. तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. स्लॅबआधी विचारलं असतं तर त्यांनी स्लीव्हच्या दोन्ही बाजूंना जादा रिंगा देऊन पाच मिनिटांत होकार दिला असता. नंतर त्यांनीच तसं सांगितलं.

पण विचारलं कुणी नाही. एमईपीच्या मॉडेलमध्ये पाइप बीममधून आरपार गेलेला दिसत होता, म्हणजे त्यांच्या हिशेबानं त्यांचं काम झालं. स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये बीम सलग होता, कारण भोकाची मागणीच आली नव्हती. त्यांच्या हिशेबानं त्यांचंही झालं. सेंट्रिंग लागलं, लोखंड बांधलं, काँक्रीट पडलं. पुढं प्लंबर आला आणि बीमकडे बघत उभा राहिला.

मीटिंगमध्ये स्ट्रक्चरवाले म्हणाले, ‘‘पाइपवाल्यांनी सांगायला पाहिजे होतं.’’ हुबळीचा पोरगा म्हणाला, ‘‘सर, पाइप मॉडेलमध्ये आहे की. भोक तुम्ही पाडायचं.’’ दोघांनी बीईपीचं तेच पान दाखवलं. दोघंही बरोबर होते, कारण रेघेच्या दोन्ही बाजूंना दोघांची नावं होती.

कोअर कटिंग करू, असं कॉन्ट्रॅक्टरनं लगेच सुचवलंच. त्या बीममध्ये रिंगा १२५ मिमी अंतरावर होत्या. १४० चं भोक कुठंही पाडा, निदान एक रिंग तुटणारच. स्ट्रक्चर इंजिनिअरनी साफ नाही म्हटलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शेवटी पाइप बीमच्या खालून घ्यावा लागला. त्यानं कॉरिडॉरची उंची खाल्ली, त्याचा हिशेब पुढं देतो.

तेव्हापासून माझी सवय अशी. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत मॉडेल करणारा एकच. दोन नावं लिहायची पाळी आली तर ती ओळच फोडायची. ‘बीममधील ओपनिंग’ ही एक ओळ नव्हतीच, त्या चार ओळी होत्या. भोकाची मागणी करणारा: एमईपी. मागणी तपासून हो किंवा नाही म्हणणारा: स्ट्रक्चर. बीममध्ये खरं भोक पाडणारा: स्ट्रक्चर, त्याच्याच मॉडेलमध्ये. भोकात पाइप खरोखर बसतो का हे परत बघणारा: एमईपी. आणि प्रत्येक ओळीपुढं दिवस.

मागणी कशी करायची तेही लिहून ठेवा. नुसता ईमेल चालत नाही, तो हरवतो. एमईपीवाल्यानं भोकाच्या जागी एक ठोकळा ठेवायचा, स्लीव्हच्या मापाचा, त्यावर नंबर घालून. मॉडेलं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या आयएफसी फॉरमॅटमध्ये याची सोयच केलेली आहे: `IfcBuildingElementProxy` घ्या आणि त्याचा प्रकार `PROVISIONFORVOID` ठेवा. स्ट्रक्चरवाला ते ठोकळे आपल्या मॉडेलवर लावून बघतो आणि मंजूर झाले तेवढेच कापतो. एमईपीवाल्यानं बीमला स्वतः भोक पाडायचं नाही. दुसऱ्याच्या मॉडेलमधली वस्तू कापणं म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकणं.

अशा मधल्या वस्तू फार नसतात, पण सगळा घोळ त्यांच्यातच होतो. फ्लोअर फिनिशचा थर कुणाचा? जनरेटरखालचा काँक्रीटचा पाया कुणाचा? फॉल्स सीलिंगमधला दिवा आर्किटेक्टचा की इलेक्ट्रिकलचा? लिंटेल? आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चर दोघांनीही स्लॅब काढला की एकावर एक दोन स्लॅब बसतात, काँक्रीटचं प्रमाण दुप्पट निघतं आणि क्लॅशच्या, म्हणजे एकमेकींत घुसलेल्या वस्तूंच्या यादीत स्लॅब स्वतःलाच धडकतो. कॉलम आणि बीम कुणाचे यावर कुणीच भांडत नाही, म्हणून तक्ता भरताना पोरं नेमक्या त्याच ओळी मन लावून भरतात.

‘संपूर्ण मॉडेल एलओडी ३००’

हे वाक्य दिसलं की मला कळतं, बीईपी कुठल्यातरी जुन्या प्रकल्पावरून उचललाय. एलओडी मॉडेलला नसतो, वस्तूला असतो. अमेरिकन आर्किटेक्टांच्या एआयए या संस्थेच्या २००८ च्या दस्तऐवजात ही कल्पना आली, तेव्हापासून ती वस्तूवार आहे. बिमफोरमच्या तपशिलातही प्रत्येक वस्तूसाठी वेगळं लिहिलेलं असतं. त्याच कॉरिडॉरमध्ये त्याच दिवशी बीम ३०० ला, डक्ट ३५० ला आणि खुर्च्या १०० ला असू शकतात, आणि तसंच असायला हवं.

आमच्या कॉरिडॉरवर परत येतो. वरच्या स्लॅबपासून बीमचा तळ ६०० मिमी खाली, खाली ७५ मिमीचं फिनिश. म्हणजे तयार फरशीपासून बीमच्या तळापर्यंत २९२५ मिमी. आर्किटेक्टनी फॉल्स सीलिंग २५५० वर ठरवलेलं. मधे ३७५ मिमी उरतात, त्यातले १०० सीलिंगची फ्रेम आणि दिवे खातात. डक्टसाठी राहिले २७५. मॉडेलमधला डक्ट २२५ मिमी उंच. पन्नास मिमी शिल्लक, क्लॅश शून्य, सगळे खूश.

पण हा डक्ट नुसत्या पत्र्याचा होता. वर-खाली २५-२५ मिमीचं इन्सुलेशन आलं की झाले २७५. खालून धरायला ४० मिमीचा अँगल आला की ३१५. जागा २७५, वस्तू ३१५. पाइपचं प्रकरण झालंच नसतं तरी सीलिंग ४० मिमी उतरणारच होतं. विचारलं तर उत्तर आलं, ‘‘सर, ३०० लिहिलं होतं. ३०० मध्ये हँगर येत नाही.’’ खरंच येत नाही. दुसऱ्या सिस्टिमला जिथं वस्तू टेकते, लटकते, जोडली जाते ते सगळं दाखवायला ३५० आहे, आणि हा ३५० नंतर मुद्दाम घातला गेला तो याच कामासाठी. इन्सुलेशनचं तर आणखी सोपं. रेव्हिट या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते डक्टवर वेगळं चढवावं लागतं, आणि जे वेगळं चढवावं लागतं ते घाईत राहतं. म्हणून मी तक्त्यात इन्सुलेशनची स्वतंत्र ओळ लिहितो. वेडगळ वाटेल, पण लिहितो.

आता पाइप बीमखालून गेल्यावरचा हिशेब. बीमच्या तळाखाली २० मिमी सोडून पाइप बसवला, तर त्याचा तळ वरच्या स्लॅबपासून ७३० वर, म्हणजे फरशीपासून २७९५ वर येतो. त्याच्याखालून डक्ट ओलांडायचा, २० मिमी सोडून ३१५ चा. राहिले २४६०. त्यातून सीलिंगचे १०० वजा करा. २५५० चं सीलिंग २३६० वर आलं. स्ट्रेचर नेणाऱ्या कॉरिडॉरमध्ये डोक्यावर असं छप्पर आलेलं बघून डॉक्टरसाहेब जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उलटी चूकही तेवढीच होते. नवीन पोरांना एलओडी म्हणजे परीक्षेचे मार्क वाटतात, जितके जास्त तितकं चांगलं. एका मॉडेलमध्ये मी नळाच्या आतला वॉशर बघितलाय. कंपनीच्या साइटवरून उतरवलेलं तसं मॉडेल चाळीस टॉयलेटांत टाकलं की फाइल उघडेपर्यंत चहा होऊन येतो. त्या वॉशरवर कुणी कसला निर्णय घेणार होतं? मी प्रत्येक ओळीपुढं हाच प्रश्न लिहितो: या टप्प्यात ही वस्तू बघून कोण काय ठरवणार? उत्तर नसेल तर १००, नाहीतर मॉडेलच नको. बिमच्या माहितीसाठीच्या आयएसओ १९६५० या मानकात एलओडीऐवजी ‘लेव्हल ऑफ इन्फर्मेशन नीड’ म्हणतात, त्यातली ‘नीड’ ती हीच: माहिती कशासाठी, कुणाला, कधी हवी हे आधी ठरवा, आकार किती बारीक हवा हे नंतर.

आणि टेंडरमध्ये ‘एलओडी ५००’ मागणाऱ्यांसाठी एक ओळ: ५०० म्हणजे ४०० पेक्षा बारीक चित्र नव्हे, साइटवर जाऊन पडताळलेलं मॉडेल, आणि पडताळणारा माणूस व त्याचे पैसे तक्त्यात नसतील तर ते ५०० नाही.

क्लॅशचा आकडा मेल करून मोकळं होणं

आता खरी लाज वाटणारी गोष्ट. तो पाइप आणि तो बीम यांचा क्लॅश आम्हाला सापडला होता. स्लॅबच्या बऱ्याच आधी. क्लॅश शोधणाऱ्या नेव्हिसवर्क्स सॉफ्टवेअरच्या यादीत होता, नंबरासकट. माझ्याच ऑफिसातल्या पोरीनं तो बघितला, ‘स्लीव्ह येणार’ असा शेरा मारला आणि स्टेटस केलं `Approved`. तिच्या मते कल्पना मंजूर झाली. पण `Approved` चा अर्थ ‘हा क्लॅश असाच राहू द्या, चालतं’ असा होतो. पुढच्या प्रत्येक आठवड्यात आम्ही मंजूर झालेले बाजूला ठेवून उरलेले बघत होतो. म्हणजे तो बीम रोज तिथं होता आणि आम्ही स्वतःच त्यावर पडदा टाकला होता. पोरीला बोललो नाही. कुठलं स्टेटस कधी आणि कुणी द्यायचं हे बीईपीत मीच लिहिलं नव्हतं.

आता लिहितो, असं: रन केल्यावर आलेला `New`, पुढच्या रनमध्येही टिकला की सॉफ्टवेअर त्याला `Active` करतं. एखाद्यानं बघून माणसाच्या नावावर टाकला की `Reviewed`. `Approved` फक्त मीटिंगमध्ये, संबंधित दोन्ही टीमसमोर, आणि शेऱ्यात ‘का चालतं’ हे लिहून. ‘येणार’, ‘होईल’, ‘बघू’ असे भविष्यकाळी शेरे असलेला क्लॅश `Approved` करायचा नाही. स्लीव्ह येणार असेल तर येऊ दे, मग क्लॅश आपोआप जाईल.

`Resolved` ला तर हातच लावायचा नाही. पुन्हा रन केल्यावर क्लॅश सापडला नाही की सॉफ्टवेअर स्वतः ते स्टेटस देतं. पण त्यावरही आंधळा विश्वास नको. क्लॅश न सापडण्याची कारणं अनेक: पाइप हलवला, किंवा पाइप पुसला, किंवा त्या आठवड्यात प्लंबिंगची फाइल लोडच झाली नाही. एका मंगळवारी आमचे निम्मे क्लॅश एकदम सुटले, सगळ्यांनी एकमेकांचं कौतुक केलं, आणि मग कळलं की ड्रेनेजची लिंक तुटलेली होती. तेव्हापासून रनआधी प्रत्येक सर्च सेटमध्ये किती वस्तू आहेत तो आकडा मी वहीत लिहितो. होय, कागदाच्या वहीत. मागच्या आठवड्यात पाइप ६१२ होते आणि आज ४० असतील, तर रन करायचीच नाही, आधी फाइल मागवायची.

सगळ्याला सगळ्याशी लढवायचं नाही, ही दुसरी गोष्ट. नवीन माणूस पहिल्याच दिवशी सगळी मॉडेलं उचलून एकच टेस्ट लावतो आणि चार-पाच हजारांचा आकडा अभिमानानं सगळ्यांना मेल करतो. तो मेल कुणी उघडत नाही. माझा क्रम ठरलेला आहे. आधी डुप्लिकेट टेस्ट, म्हणजे दोन स्लॅबवाला घोळ निघून जातो. मग स्ट्रक्चर आणि उताराचे पाइप. मग स्ट्रक्चर आणि डक्ट. मग डक्ट आणि पाइप. केबल ट्रे आणि स्प्रिंकलर शेवटी. मधला एक टप्पा साफ झाल्याशिवाय पुढचा नाही. हार्ड क्लॅशला १० मिमीची सूट, कारण साइटवर मेस्त्रीच्या हातून तेवढं इकडं-तिकडं होतंच, आणि स्क्रीनवर ३ मिमीसाठी भांडण्यात अर्थ नाही. एकच डक्ट चौदा बीमांना घासत असेल तर ते चौदा क्लॅश नव्हेत, एक प्रश्न आहे: डक्ट खाली घ्यायचा की नाही. त्यांचा ग्रुप करा आणि बीसीएफ या इश्यू पाठवायच्या फॉरमॅटमधून एकच इश्यू, एका नजरेच्या कोनासह, एका माणसाला पाठवा. फर्मला नव्हे, माणसाला.

कोणी हलायचं हेही आधीच ठरवून लिहावं लागतं, नाहीतर मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. माझी उतरंड अशी: उताराचा पाइप सगळ्यात हट्टी, त्याला पाणी वाहायचंय, तो वळसे घेऊ शकत नाही. मग मोठे डक्ट. मग दाबाचे पाइप, ते वर-खाली जाऊ शकतात. मग केबल ट्रे. कंड्युइट सगळ्यांना सलाम करत जातो, आणि २५ मिमीच्या आतला तर मी मॉडेलमध्ये घेतच नाही. बीम या रांगेत नाही. बीम हलवायचा, कापायचा की वाढवायचा हे फक्त स्ट्रक्चर इंजिनिअर ठरवेल. बाकीच्यांचं भांडण दोन मीटिंगमध्ये सुटलं नाही तर तिसऱ्या दिवशी आर्किटेक्टचा शब्द शेवटचा. हा ‘तिसरा दिवस’ लिहिलेला नसेल तर तो येतच नाही.

आठवड्याचं चक्र साधं ठेवतो. सोमवारी संध्याकाळी मॉडेलं शेअर्ड फोल्डरमध्ये, मंगळवारी रन आणि ग्रुपिंग, बुधवारी मीटिंग, शनिवारपर्यंत दुरुस्ती. सोमवारी ज्याची फाइल आली नाही त्याची मागच्या आठवड्याची वापरतो आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तसं सांगतो. दोनदा सांगावं लागत नाही.

थोडक्यात संपणाऱ्या

कोऑर्डिनेट एकाच मॉडेलमधून सगळ्यांनी घ्या. मॉडेल हातानं सरकवून जुळवलं तर पुढच्या सोमवारी पुन्हा सरकलेलं येईल.

लेव्हल स्ट्रक्चरच्या स्लॅबची की फिनिशची ते नावातच लिहा. वरचे ७५ मिमी तिथंच हरवतात.

रेव्हिटचं व्हर्जन बीईपीत लिहा आणि कुणी मधेच वाढवू देऊ नका. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

आणि स्लीव्हचं. स्लॅबच्या आदल्या दिवशी मंजूर भोकांची यादी मॉडेलमधून काढून, प्रत्येकाचा नंबर, माप आणि स्लॅबच्या वरच्या पातळीपासूनचं अंतर लिहून, मोठ्या अक्षरांत छापून मी साइटवर नेतो. मराठी आणि कन्नड दोन्हीत. मेस्त्रीबरोबर सेंट्रिंगवर चढून एकेक स्लीव्ह हातानं हलवून बघतो, बांधलाय की नुसता ठेवलाय ते. नुसता ठेवलेला असेल तर व्हायब्रेटर लागताच तो वर येतो.